मदत हवी आहे: भीतीची शिडी केली, पण चौथ्या पायरीच्या वर जाताच येत नाही

रानजाई

नमस्कार मंडळी. वय २८, मूळची लातूरकडची, चार वर्षांपासून पुण्यात नोकरी. चारचौघांत तोंड उघडायची वेळ आली की माझा घसा कोरडा पडतो, कानशिलं तापतात आणि बोलायचं ते पोटातच राहतं. रिक्षा गल्लीच्या पुढे गेली तरी "दादा, थांबा" म्हणवत नाही. पुढच्या चौकात उतरते आणि चालत मागे येते.

जानेवारीत वहीत शिडी आखली. भीती वाटणाऱ्या गोष्टी लिहिल्या आणि प्रत्येकीला शून्य ते शंभर असा आकडा दिला. शून्य म्हणजे निवांत, शंभर म्हणजे तिथून पळ काढावासा वाटणं.

अनोळखी माणसाला पत्ता विचारणे: २०
दुकानात चार कुर्ते बघून एकही न घेता बाहेर पडणे: ३०
चहा गोडमिट्ट आला तर बदलून मागणे: ४०
कॅन्टीनमध्ये दुसऱ्या टीमच्या टेबलावर जेवायला बसणे: ४५
सोमवारच्या मीटिंगमध्ये बारा जणांसमोर "मला हे पटत नाही" म्हणणे: ८५

पहिल्या चार पायऱ्या सहा आठवड्यांत केल्या, प्रत्येक चार-पाच वेळा. पाचवीला तीन सोमवार माघार घेतली. आणि दुसरी गोष्ट जास्त छळते: चहाचा आकडा पाचव्या वेळीही ४० च होता. करून करून भीती कमी व्हायला हवी ना? माझं कुठे चुकतंय?

पक्या

ताई, आमच्या ऑफिसातही हेच होतं. मीटिंग इंग्रजीत, त्यामुळे तोंड उघडत नाही. रोज आरशासमोर दहा मिनिटं इंग्रजी वाचा, तीन महिन्यांत फरक पडेल. मला पडला.

रानजाई

पक्या, धन्यवाद, पण आमची मीटिंग हिंदी-मराठीतच असते. भाषेची अडचण नाही. घरच्यांशी तासन्‌तास बोलते.

बापू सातारकर

पोरी, शिडीबिडी सोड. अल्बर्ट एलिस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. विवेकनिष्ठ उपचारपद्धती त्यांचीच. एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायची त्यांना जबर भीती. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात रोज जायचे आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की मिनिटाभरात बोलायला सुरुवात करायची, असा नियमच त्यांनी केला. महिन्याभरात भीती गेली. विहिरीत उडी मारल्याशिवाय पोहता येत नाही. येत्या सोमवारी उभी राहा आणि बोल.

नदीकाठ

रानजाई, मी समुपदेशक आहे. अकरा वर्षं बहुतेक याच तक्रारीवर काम केलंय. आकडे प्रामाणिक दिसतात, त्यामुळे उत्तर देणं सोपं आहे. आधी एक सांगा. चहा बदलून मागताना नेमकं काय केलंत? कुठली टपरी, सोबत कोण, हात कुठे होते, तोंडातून कोणते शब्द आले? अगदी बारीकसारीक लिहा.

रानजाई

ऑफिसच्या मागची टपरी. तिथे सतरा-अठरा वर्षांचा मुलगा असतो, म्हणून तीच निवडली. मैत्रीण सोबत होती. मी मोबाइल कानाला लावला होता, फोन चालू नव्हता. म्हटलं, "सॉरी रे, सॉरी, माझंच चुकलं, मी सांगायला हवं होतं, जमलं तर थोडा कमी साखरेचा देशील का, नाही तर राहू दे." त्याने दिला. कॅन्टीनमध्येही बसले, पण इअरफोन लावून.

नदीकाठ

आकडा ४० वर का अडकला ते यातच आहे. मैत्रीण, फोन, दोनदा सॉरी, "नाही तर राहू दे", ओळखीचा लहान मुलगा. या सगळ्या कुबड्या. तुम्ही पायरी चढलात, पण मनाने नोंद केली ती अशी: "कुबड्या होत्या म्हणून वाचले." पुढच्या वेळी भीती पुन्हा तेवढीच. मग पन्नास वेळा केलं तरी आकडा हलत नाही. कॅन्टीनमध्ये इअरफोन लावून बसलात तर समोरच्यांना "हिच्याशी बोलू नका" असाच निरोप जातो. कोणी बोललं नाही की आपण नकोसे आहोत ही समजूत उलट पक्की होते.

तेव्हा चहाची पायरी पुन्हा करा. एकट्या जा, फोन पर्समध्ये, वाक्य एकच: "दादा, हा फार गोड आहे, कमी साखरेचा द्या." पुढे गप्प उभं राहायचं. टपरी दर वेळी वेगळी आणि एखादी तरी वयस्क माणसाची. जाण्याआधी वहीत एक ओळ लिहा: काय होईल असं वाटतंय? "तो चिडेल", "शेजारचे वळून बघतील" असं डोळ्यांना दिसेल, कानांना ऐकू येईल असं काहीतरी. परत आल्यावर त्याखाली लिहा, खरंच काय झालं. "वाईट वाटेल" लिहू नका, ते तपासता येत नाही.

बापू, एलिस यांची गोष्ट खरी आहे, पण पुरती सांगा. त्यांनीच सांगितलेला हिशेब असा: १३० स्त्रिया बाकावर दिसल्या, ३० लगेच उठून गेल्या, १०० जणींशी ते बोलले. एकीने भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. ही काही एका उडीची गोष्ट नाही. एकच पायरी शंभर वेळा, तीही कुबडीशिवाय. नकार मिळूनही आभाळ कोसळत नाही हे त्यांना नकारांमधूनच कळलं. रानजाईंच्या चहावाल्याने एकदाही नकार दिलेला नाही, हे लक्षात घ्या.

मुग्धा ७९

मध्येच विचारते, माफ करा. माझा मुलगा नववीत आहे. दुकानात जाऊन वही मागत नाही, शाळेत हात वर करत नाही. मी त्याच्यासाठी अशीच शिडी करून भिंतीवर लावली, तर त्याने फाडली. रोज सोबत दुकानात जाते तरी मलाच बोलावं लागतं.

नदीकाठ

मुग्धाताई, शिडी ज्याची त्यानेच आखायची. तुमची ३० त्याची ८० असू शकते. आणि रागावू नका, पण दुकानात त्याची कुबडी तुम्ही आहात. दुकानदाराने "काय हवं?" विचारलं की मनात पाचपर्यंत मोजा आणि मगच तोंड उघडा. बहुतेक आया दोनच्या आत बोलून टाकतात. आधी नुसते पैसे त्याने द्यायचे, एवढंच ठरवा. शाळेत अजिबात बोलत नसेल किंवा जायलाच नकार देत असेल, तर मात्र घरच्या घरी करू नका, बालमनोविकारतज्ज्ञांना दाखवा.

कोकणस्थ नाही

माझी बहीण मुंबईत अशीच थेरपी घेत होती. तिला सांगितलं होतं, आकडा निम्म्यावर येईपर्यंत जागा सोडायची नाही. ४० असेल तर २० होईपर्यंत टपरीवरच थांबायचं. नदीकाठ, तुम्ही त्याबद्दल काहीच बोलला नाहीत.

नदीकाठ

तीही रीत आहे आणि अनेकांना लागू पडते. लिफ्ट, उंची अशा भीतीत तासभर थांबता येतं. पण चहा मागायला वीस सेकंद लागतात, तेवढ्यात आकडा उतरणार कसा? शिवाय मिशेल क्रॅस्के या मानसशास्त्रज्ञांच्या कामानंतर बरेच जण असं मानतात की भीती त्याच वेळी उतरलीच पाहिजे असं नाही, अंदाज खोटा ठरला हे मनावर ठसणं महत्त्वाचं. मी त्याच बाजूची. माझे काही सहकारी आजही निम्म्याचा नियम पाळतात, आणि त्यांचेही लोक बरे होतात.

आता पाचवी पायरी. ४५ वरून एकदम ८५. ही पायरी नाही, भिंत आहे. ती फोडायची तर त्या प्रसंगात काय काय एकत्र आलंय ते सुटं करून बघा: माणसं बारा, त्यात साहेब, सगळ्यांच्या नजरा तुमच्यावर, आणि तुमचं मत त्यांच्या विरुद्ध. एका वेळी यातलं एकच वाढवा. बारा जणांत बोलायचं, पण विरोध नाही: "माझं काम बुधवारी संपेल." मग बारा जणांत प्रश्न: "हे मला कळलं नाही, परत सांगाल का?" दुसऱ्या बाजूला विरोध, पण एकाच माणसाला, त्याच्या टेबलापाशी. मग तिघांत. दोन्ही बाजूंनी चढत या, साहेबांसमोरचा विरोध शेवटी. आणि पहिल्या पाच मिनिटांत बोला. वाट बघत बसलं की भीती व्याजासारखी चढते.

आठवड्यातून एक सोमवार पुरणार नाही. मधल्या दिवशी याच जातीचं दुसरं काही शोधा. सोसायटीची सभा, भिशी, लायब्ररी, काहीही. पायरी मोठी आहे की लहान हे ओळखायचं तर दोनदा माघार घेतली की मोठी, आणि जाताना काहीच वाटलं नाही की लहान.

एक प्रश्न मात्र प्रामाणिकपणे तपासा. तुमचे साहेब मत मांडणाऱ्याला खरोखर सगळ्यांसमोर झापतात का? तसं असेल तर तो तुमच्या मनाचा खेळ नाही. त्यावर शिडी चालत नाही.

रानजाई

साहेब रागीट नाहीत. मागे एकाने विरोध केला तेव्हा "बरं, करून बघू" म्हणाले. भीती एवढीच की आवाज थरथरेल आणि सगळ्यांना कळेल.

नदीकाठ

मग तेच तपासायचं. बोलून झाल्यावर विश्वासातल्या एका सहकाऱ्याला विचारा, "माझ्या आवाजात काही जाणवलं का?" आतून भूकंप वाटतो तो बाहेर बहुतेकदा दिसत नाही. दिसला तर दिसला, तेही एकदा कळू दे.

रानजाई (साडेतीन आठवड्यांनी)

कळवायला उशीर झाला. चहा सात वेगवेगळ्या टपऱ्यांवर केला, एकटीने. पहिल्या वेळी आकडा ६० ला गेला, कुबड्या काढल्यामुळेच असणार. पाचव्या टपरीवर एक आजोबा होते. ते म्हणाले, "इथे असाच मिळतो. प्यायचा तर प्या." शेजारच्या दोघांनी वळून पाहिलं. वहीत लिहिलेलं जसंच्या तसं घडलं. मी "बरं" म्हटलं, पैसे दिले, ग्लास तसाच ठेवला आणि निघाले. हात थरथरत होते. कोपऱ्यावर वही काढून लिहिलं: "चिडले. बघितलं. मग ते दोघे परत पेपर वाचायला लागले." सातव्या वेळी आकडा २५.

सोमवारी दोनदा बोलले. एकदा बुधवारचं, एकदा "कळलं नाही, परत सांगाल का". सहकारी म्हणाली, आवाज हळू होता, थरथर नव्हती. एकाच्या टेबलापाशी विरोधही केला, त्याने ऐकलं नाही, पण बोलले.

आता नवी अडचण. मीटिंग बरी गेली तरी रात्री दोन-दोन तास तोच प्रसंग डोक्यात फिरतो: असं का बोलले, तसं का नाही. दिवसा जिंकलेलं रात्री जातं. याचं काय करू?

मुग्धा ७९

माझ्या मुलाने परवा पैसे दिले. मी चारपर्यंत मोजलं होतं.

नदीकाठ

आजोबांचा चहा हा तुमचा सगळ्यात मोलाचा चहा, तो वहीत खूण करून ठेवा. रात्रीच्या उजळणीबद्दल: प्रसंगानंतर पंधरा मिनिटांच्या आत दोन ओळी लिहायच्या, काय झालं आणि पुढची पायरी कोणती. रात्री विचार आला की फक्त त्या दोन ओळी वाचायच्या, नवा पुरावा शोधायचा नाही. काहींना एवढं पुरतं, काहींना नाही. दोन आठवडे करून सांगा. झोप उडत असेल किंवा ऑफिस टाळावंसं वाटू लागलं, तर प्रत्यक्ष कुणाला तरी भेटा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

बापू सातारकर

आजोबांना माझा निरोप सांग, साखर कमी टाका म्हणावं. आणि सोमवारी काय झालं ते इथे लिही, मी वाट बघतोय.