मदत हवी आहे: स्वीकारलेल्या गोषवाऱ्यातून ४००० शब्दांचा आराखडा कसा करू?

धानपट्टा: भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यात राहते. मामा तलावांवरचा (माजी मालगुजारी तलाव) माझा २५० शब्दांचा गोषवारा परिषदेत स्वीकारला गेला. त्यात तीन विधानं आहेत. मालगुजारीत, म्हणजे मालगुजार गावाचा सारा गोळा करायचा त्या काळात, गाळ काढायची जबाबदारी गावाच्या रिवाजात ठरलेली होती. १९५१ मध्ये मालगुजारी गेल्यावर ती घडी मोडली. म्हणून तलाव उथळ झाले. हाताशी दोन गावांचे वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावच्या रिवाजांच्या जुन्या नोंदी, १४ वृद्धांच्या मुलाखती आणि मी काढलेले फोटो आहेत. कुठल्या भागाला किती शब्द देऊ? मुलाखती कुठे घालू?

वऱ्हाडी_वाचक: तीन विधानं म्हणजे तीन प्रकरणं, प्रत्येकी हजार शब्द. उरलेल्या हजारात प्रस्तावना आणि समारोप.

जुनं_दप्तर: विधानांवरून भाग पाडायचे हे बरोबर, पण वाटणी समान नको. ताई, प्रत्येक विधानासमोर त्याचा पुरावा लिहून बघा. पहिल्याला वाजिब-उल-अर्ज आहे. पण त्यातून नियम काय होता एवढंच कळतं, तो पाळला जात होता का ते नाही. दुसऱ्याला मुलाखती आहेत. तिसऱ्याला काहीच नाही. तलाव पूर्वी किती खोल होता याची नोंद नसेल, तर आजच्या फोटोवरून 'उथळ झाला' म्हणता येत नाही.

मी असे शब्द देईन: प्रस्तावना ४००, आधीचं लेखन ५००, गावं आणि पद्धत ५००, निष्कर्ष १८०० (रिवाज ७००, घडी मोडणं ११००), चर्चा ६००, समारोप २००. मुलाखतींचे उतारे निष्कर्षातच ठेवा. चर्चेत नवा पुरावा आला की वाचक पुन्हा मागची पानं चाळतो. फोटो गावांच्या वर्णनात घाला.

आणि एक बघा. आज ८० वर्षांचा माणूस १९५१ मध्ये लहान पोर होता. त्यानं स्वतः पाहिलेलं किती आणि बापाकडून ऐकलेलं किती, हे वेगळं करा.

अर्जुनीकर: माझा गोषवारा परत आला. तुमच्यासारखाच विषय होता. कुठे पाठवू?

जुनं_दप्तर: भाऊ, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथं बोलू.

धानपट्टा: सर, रात्री टेप पुन्हा ऐकल्या. १४ पैकी पाच जण 'माझे बाबा सांगत' असं म्हणतात. तलावाच्या पाळीवर श्रमदान पाहिल्याचं सांगणारे चारच, तेही १९६० नंतरचं. उरलेले पाच जण नुसतं 'पूर्वी असं होतं' म्हणतात.

जुनं_दप्तर: मग 'घडी १९५१ मध्ये मोडली' असं लिहू नका. १९६० नंतरही श्रमदान होत होतं, हाच तुमचा खरा निष्कर्ष. ११०० शब्द त्यालाच द्या.

वऱ्हाडी_वाचक: पण गोषवारा छापून गेला असेल ना? निबंधात विधान बदललं तर चालतं?

जुनं_दप्तर: माझ्या मते चालतं, पण प्रत्येक परिषदेची रीत वेगळी असते. संयोजकांना मेल करा. ४००० शब्दांत संदर्भसूची धरायची की नाही, तेही त्याच मेलमध्ये विचारा.

धानपट्टा: मेल टाकला आहे. तिसरं विधान काढू की 'गावकऱ्यांच्या मते उथळ झाले' असं ठेवू?