नवीन सिम घेतलं, पण त्यावर दुसऱ्याच कुणाचे ओटीपी येतात. काय करावं?

कोथरूडकरीण

नमस्कार मंडळी. आईसाठी नवा प्रीपेड नंबर घेतला. दुकानात आधार दाखवून, फोटो काढून, सगळं रीतसर. पण सिम चालू झाल्यापासून त्यावर भलत्याच बाईंचे मेसेज येतायत. विमा हप्त्याची आठवण, कुठल्याशा शाळेच्या फीचं, आणि मधूनमधून ओटीपी.

परवा गॅस सिलिंडरचा डिलिव्हरी कोड आला आणि पाठोपाठ फोन, "मॅडम, कोड सांगा, गाडी खाली उभी आहे." कुठली गाडी, कुठलं घर! मी राँग नंबर म्हणून ठेवून दिला.

खरी धडकी भरली ती नंतर. आईचं खातं उघडायला जेवण मागवायच्या एका ॲपमध्ये हा नंबर टाकला. ओटीपी आला, भरला, आणि थेट त्या बाईंचं खातं उघडलं. नाव, हडपसरचा पत्ता, जुन्या ऑर्डरी, सगळं समोर. लगेच बाहेर पडले.

तर प्रश्न असे: माझ्याकडे आलेल्या ओटीपीने दुसऱ्याचं खातं उघडतंच कसं? या सगळ्यांना नंबरच का लागतो, ईमेल का चालत नाही? आणि आता आईचं बँक खातं या नंबरला जोडू की नको?

बंड्यानाना

ताई, तुमचा फोन हॅक झालाय. ताबडतोब १९३० ला फोन लावा आणि सगळे पासवर्ड बदला. ओटीपी कुणालाही सांगू नका!!

कोथरूडकरीण

नाना, पैसे कुठलेच गेले नाहीत हो. आणि ओटीपी मी सांगत नाहीये, दुसऱ्यांचे मला येतायत.

टॉवरवाला

हॅक वगैरे काही नाही. तुम्हाला वापरलेला नंबर मिळालाय. मी बरीच वर्षं कंपन्यांचे घाऊक एसएमएस पाठवणाऱ्या ठिकाणी काम केलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

दहा आकडी नंबर काही अमर्याद नाहीत. प्रीपेड नंबरवरून ९० दिवस कॉल, मेसेज, डेटा काहीच झालं नाही आणि शिल्लकही नसली, की कंपनी तो बंद करू शकते. बंद केल्यावर निदान ९० दिवस तो दुसऱ्याला देत नाहीत, मग तो परत बाजारात येतो. त्या बाईंनी रिचार्ज सोडला असेल आणि नंबर फिरून तुमच्याकडे आला असेल.

आता ॲपमध्ये काय झालं ते बघा. तुम्ही नंबर टाकलात. सर्व्हरने आपल्या यादीत तो शोधला, तो त्या बाईंच्या खात्यापुढे लिहिलेला सापडला. मग त्याने सहा आकडे यदृच्छया काढले, ते काही मिनिटांच्या मुदतीसह त्या खात्यापुढे ठेवले आणि एसएमएस आमच्यासारख्यांकडे सोपवला. मेसेजचा मजकूर आणि पाठवणाऱ्याचं नाव आधी नोंदवलेलं असावं लागतं, ते जुळलं की मेसेज पुढे मोबाइल कंपनीकडे जातो. तिथे कंपनीचा सर्व्हर आपल्या नोंदवहीत पाहतो की हा नंबर आज कुठल्या सिमच्या नावावर आहे. उत्तर आलं, तुमच्या आईचं सिम. मेसेज तिथे पोचला, तुम्ही आकडे भरलेत, ते जुळले, खातं उघडलं.

या अख्ख्या प्रवासात माणूस कोण आहे हे कुणीच विचारलं नाही. ओटीपीने एवढंच सिद्ध होतं की या क्षणी या नंबरचे मेसेज तुम्ही वाचू शकता. ॲपवाले त्याचा अर्थ "हीच ती बाई" असा लावतात. नंबर हातबदल होईपर्यंत ते चालून जातं.

झेरॉक्स

टॉवरवाला, थोडी दुरुस्ती. ओटीपी हँडसेटच्या आयएमईआय नंबरला बांधलेला असतो. म्हणून तर फोन बदलला की बँकेचं ॲप पुन्हा नोंदणी मागतं. ताईंनी बहुतेक सेकंडहँड फोन घेतला असणार.

टॉवरवाला

झेरॉक्स, दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. बँकेची ॲपं फोनलाही बांधतात हे बरोबर. यूपीआय ॲप पहिल्यांदा सुरू करताना तुमच्याच सिमवरून एक मेसेज आपोआप बाहेर जातो, तो याच जोडणीसाठी. पण साधा एसएमएस ओटीपी हँडसेट ओळखतच नाही. सिम काढून जुन्या बटणाच्या फोनमध्ये घाला, ओटीपी तिथे येईल.

आणखी गंमत म्हणजे तुमचा नंबर खऱ्या अर्थाने सिममध्येही नसतो. सिममध्ये असते तिची स्वतःची वेगळी ओळख आणि एक गुप्त किल्ली. कुठला नंबर कुठल्या सिमला, ही जोडी कंपनीच्या नोंदवहीत असते. म्हणूनच सिम हरवलं की त्याच नंबरचं नवं सिम मिळतं. आणि चोरही दुकानात खोटी कागदपत्रं दाखवून तुमच्या नंबरचं सिम काढायला बघतो ते याच नोंदीमुळे. अचानक नेटवर्क गायब झालं आणि फोन बंद-चालू करूनही येईना, तर दुसऱ्या फोनवरून आधी कंपनीला आणि मग बँकेला कळवायचं. आपल्याकडे सिम बदलल्यावर पहिले २४ तास मेसेज बंद ठेवतात, ते त्यासाठीच. लोक त्यावर चिडतात, पण ते सोडू नये असं माझं मत.

झेरॉक्स

ओके, बटणाच्या फोनचा मुद्दा पटला. सेकंडहँड फोनबद्दल मात्र मी अजून साशंक आहे :)

बंड्यानाना

पण ईमेल का नाही चालत हे कुणी सांगितलंच नाही. मला तर बनियन घ्यायला गेलं तरी काउंटरवर नंबर मागतात.

टॉवरवाला

नाना, ईमेल फुकट आहे, एका दुपारी कुणीही पन्नास काढेल. सिमसाठी आपल्याकडे ओळखपत्र लागतं, आणि एका माणसाच्या नावावर साधारण नऊच्या वर सिम मिळत नाहीत. त्यामुळे नंबर मागितला की ॲपवाल्याला सरकारी ओळखपत्राचा थोडासा आधार फुकटात मिळतो, "पहिल्या ऑर्डरवर सूट" शंभरदा लुटता येत नाही. शिवाय आपल्याकडे कित्येकांना ईमेलचा पासवर्ड आठवत नाही, पण फोन खिशात असतो. दुसरं कारण त्यांच्या सोयीचं: नंबर माणूस सहसा बदलत नाही, म्हणून वेगवेगळ्या दुकानांतली तुमची खरेदी त्या एका धाग्यात ओवता येते. तुमचं बनियन या दुसऱ्या खात्यात. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुकानदारांना सांगितलंय की नंबरची सक्ती करू नका. मी सरळ "देत नाही" म्हणतो. पोरगा मॅनेजरकडे बघतो, मॅनेजर स्वतःचाच नंबर टाकतो, बिल निघतं.

श्टुटगार्टची सून

माझी नेमकी उलटी कथा. मी जर्मनीला आले आणि भारतातल्या नंबरचा रिचार्ज राहून गेला. नंबर गेला. आता बँकेत लॉगिन केलं की ओटीपी जातो तिकडे कुणा अनोळख्याला. नंबर बदलायला जावं तर ती सुविधा आधी जुन्या नंबरवरच ओटीपी पाठवते! शाखा म्हणते स्वतः या. कुणाला यातून मार्ग सापडलाय का?

टॉवरवाला

सूनबाई, बँकेनुसार फरक आहे. काही बँका एटीएमवर कार्ड-पिन वापरून नंबर बदलू देतात, काही परदेशी ग्राहकांकडून साक्षांकित अर्ज मागवून घेतात. शाखेऐवजी एनआरआय कक्षाला लिहा. आधारचा नंबर मात्र केंद्रावर बोटांचे ठसे देऊन बदलता येतो, जुन्या नंबरवर ओटीपी लागत नाही, तेव्हा भारतात आलात की ते आधी उरका. आणि गूगल, ईमेल वगैरे जिथे सोय आहे तिथे ऑथेंटिकेटर ॲप लावून टाका. त्यात दर ३० सेकंदांनी बदलणारे आकडे तुमच्या फोनमध्येच तयार होतात: सुरुवातीला स्कॅन केलेली गुप्त किल्ली आणि घड्याळातली वेळ, बस. नंबरचा संबंधच नाही, नेटवर्क नसलं तरी चालतं. फक्त फोन हरवला तर पंचाईत, म्हणून सुरुवातीला देतात ते बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा.

श्टुटगार्टची सून

एटीएम इथे नाही ना त्यांचं. असो, कक्षाला लिहिते. काय म्हणतात ते इथे सांगेन.

कोथरूडकरीण

टॉवरवाला, खूप आभार. पण बँकेचं सांगा ना. आणि त्या बाईंचे पैसे माझ्या हातात येऊ शकतात का? नुसत्या विचारानेच घाम फुटतो.

टॉवरवाला

नुसत्या नंबरावर नाही. समजा आईच्या फोनवर यूपीआय सुरू केलंत आणि बँकांच्या यादीतून त्या बाईंची बँक निवडलीत. त्यांनी तिथे नंबर बदलला नसेल तर त्यांचं खातं शेवटचे चार आकडे दाखवून समोर येऊ शकतं. पण यूपीआय पिन लावायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत लागते, किंवा आधार. तिथे अडतं. असं खातं दिसलं तर जोडू नका, बाहेर पडा.

बंद झालेल्या नंबरांची यादी दूरसंचार विभाग काढतो. ती वापरून नोंदी साफ करा असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलं, आणि ३१ मार्च २०२५ पासून बँका व यूपीआय ॲपांनी आठवड्यातून एकदा तरी ती ताजी करायची आहे. जेवणाच्या ॲपवर असं बंधन माझ्या माहितीत नाही, तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंतच. व्हॉट्सॲपचं बरं आहे, ४५ दिवस बंद असलेलं खातं दुसऱ्या फोनवर सुरू झालं की जुना फोटो वगैरे काढून टाकतात.

माझा सल्ला: अजून काही जोडलं नसेल तर हे सिम सोडा आणि दुसरा नंबर घ्या. नवा नंबरही आधी दोन-चार ॲपांत "नवीन खाते" म्हणून टाकून बघा. "आधीच नोंदलेला आहे" असं आलं, तर तोही वापरलेला. आत मात्र जाऊ नका. दुसऱ्याच्या खात्यात परवानगीशिवाय शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्यात बसत नाही, चुकून झालं हे पटवत बसावं लागेल.

बंड्यानाना

म्हणजे या बाईंना कळवायचं कसं? पत्ता तर ताईंनी बघितलाय, पत्र टाका की.

कोथरूडकरीण

नाना, पत्ता मी त्यांच्या खात्यात बघितला, त्यावर पत्र टाकणं मला तरी विचित्र वाटतं. घाबरतील त्या.

टॉवरवाला

गॅसवाला आहे ना! त्याच्याकडे घर आहे आणि ग्राहक क्रमांकही. पुढचा फोन आला की कोड देऊ नका, पण राँग नंबर म्हणून ठेवूही नका. सांगा, "या घरी निरोप द्या, तुमचा जुना नंबर आता दुसऱ्याकडे आहे, एजन्सीत आणि बँकेत बदलून घ्या."

कोथरूडकरीण

हे सुचलंच नव्हतं. परवाचा नंबर कॉल लिस्टमध्ये होता, आत्ताच लावला. तो म्हणाला, "मॅडम, त्यांनी कोड नाही म्हणून सिलिंडर परत पाठवला, माझ्यावरच ओरडले." निरोप देतो म्हणालाय, देईल की नाही कोण जाणे. सिम उद्या बदलायला जातेय. दुकानदार म्हणतो नवं सिम मिळेल पण आकडे आम्ही नाही निवडत, सिस्टिम देते. कोरा, कधीच न वापरलेला नंबर मागून मिळतो का, कुणाला अनुभव?

झेरॉक्स

पैसे भरून फॅन्सी नंबर घेतला होता मी. त्यावरही कुणा बिल्डरचे फोन येतात.