सल्ला हवा: भाडेकरारावर दोघांची नावं आहेत, एक जण घर सोडतोय. नाव कसं काढायचं आणि डिपॉझिट कसं वाटायचं?

सायली_पुणे
पुण्यात, कोथरूडला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसन्स करार ११ महिन्यांचा, १ ऑगस्ट २०२५ ते ३० जून २०२६. लायसेन्सी म्हणून आम्हा नवरा-बायकोची दोघांची नावं. भाडं २८,००० आणि डिपॉझिट १ लाख. त्यातले ६०,००० त्याच्या खात्यातून गेले, ४०,००० माझ्या. लॉक-इन ६ महिन्यांचं आहे. आम्ही परस्पर संमतीने वेगळे होतोय. मी ३१ डिसेंबरला घर सोडणार, तो तिथेच राहणार. घरमालक काका म्हणतात, "तुमचं तुम्ही बघा, मला भाडं वेळेवर मिळालं म्हणजे झालं." माझं नाव काढायला नेमकं काय करायचं आणि माझे ४०,००० कुणाकडे मागायचे?

बिनधास्त_नाशिककर
एवढं काही अवघड नाही. ५०० च्या स्टँप पेपरवर "माझा या घराशी संबंध उरला नाही" असं लिहायचं, नोटरी करायची आणि एक प्रत मालकांना द्यायची. झालं काम.

दस्त_आणि_नोंदणी
नाशिककर, लेखी असावं हे तुमचं बरोबर. पण असा कागद एकतर्फी होतो, आणि त्याने सायलीताई सुटत नाहीत.

दोघांनी मिळून सही केली की मालकाला पूर्ण भाडं कुणा एकाकडूनही मागता येतं. करार कायद्याचं कलम ४३ हेच सांगतं. ताई निघून गेल्या आणि मार्चचं भाडं थकलं, तर मालक २८,००० त्यांच्याकडे मागू शकतात. मग त्यांनी नवऱ्याकडून त्याचा वाटा वसूल करायचा. आपण एकट्याने कितीही प्रतिज्ञापत्रं केली तरी ही जबाबदारी जात नाही. ती फक्त मालकाच्या सहीने सुटते, म्हणून कागदावर तिघांच्या सह्या लागतात.

डिपॉझिटचंही तसंच आहे. कलम ४५ प्रमाणे ते परत मागण्याचा हक्क दोघांचा एकत्र असतो. पैसे कुणाच्या खात्यातून गेले हे मालकाच्या दृष्टीने महत्त्वाचं नाही. त्यामुळे करार चालू असताना "माझे ४०,००० मला द्या" असं एकट्याने म्हटलं तर मालक नाही म्हणू शकतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. तुमचा ६०-४०चा हिशेब तुमच्या दोघांतला आहे. तो बँक स्टेटमेंटवरून सिद्ध करता येतो, पण मालकासमोर नाही, एकमेकांसमोर.

सरळ वाट अशी. चालू करार ३१ डिसेंबरला संपवायचा आणि १ जानेवारीपासून फक्त राहणाऱ्याच्या नावाने नवा रजिस्टर्ड करार करायचा. मधे एक दिवसही रिकामा ठेवू नका, आणि तारखा एकमेकींवर चढूही देऊ नका. चढल्या तर त्या दिवसांपुरतं एकाच घराचे दोन करार होतात आणि पुढे वाद झाला की नेमकं त्यावरच बोट ठेवलं जातं.

जुनी_चाळ_गिरगाव
पावतीवर नाव बदलायचं असेल तर मालक रक्कम मागतोच. आमच्या चाळीतही तेच चाललंय. आधी रक्कम ठरवा, मगच पावती बदलायला द्या.

सायली_पुणे
काका, आमचं पागडीचं घर नाही, ११ महिन्यांचा करार आहे. पावतीचा प्रश्न येत नाही.

दस्त_आणि_नोंदणी, मालक नव्या कराराच्या खर्चाला घाबरतात. किती येईल? आणि लॉक-इन ३१ जानेवारीपर्यंत आहे, त्याचं काय?

दस्त_आणि_नोंदणी
खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते मोजतात एकूण भाड्यावर, आणि त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के दराचं व्याज मिळवतात. ११ महिन्यांचं भाडं ३,०८,००० आणि डिपॉझिटवरचं व्याज साधारण ९ ते १० हजार. म्हणजे सुमारे ३,१८,०००. त्याचे पाव टक्का ८०० च्या आसपास येतात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, ऑनलाइन दस्ताचे हाताळणी शुल्क ३००. सगळे मिळून २,१००. घरी येऊन अंगठे घेणारा एजंट त्याचे पैसे वेगळे घेतो, ते आधी ठरवा.

लॉक-इनकडे मात्र नीट बघा, लोक इथेच फसतात. करार "लायसेन्सींनी संपवला" असं लिहिलंत तर मालकाला जानेवारीच्या भाड्याचा दावा करायला जागा मिळते. त्याऐवजी "तिन्ही पक्षांच्या संमतीने करार ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपत आहे, लॉक-इन अथवा नोटिशीच्या काळाबाबत कुणाचा कुणावर दावा नाही" हे वाक्य हवंच. दुसरं म्हणजे, एजंट जुनाच मसुदा परत भरतात, मग राहणाऱ्याच्या डोक्यावर नव्याने ६ महिन्यांचं लॉक-इन बसतं. नव्या करारात ते १ महिन्यावर आणा किंवा काढून टाका.

आणि मालकांना एक गोष्ट शांतपणे सांगा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला ठेवणं ही त्यांचीच जबाबदारी आहे. तसं नसेल तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. २,१०० रुपये वाचवून त्यांचंच नुकसान आहे.

मीरा_वकिली
जुना करार संपवणाऱ्या कागदाची नोंदणी हवी का? माझं मत, मूळ दस्त नोंदवलेला आहे तर रद्दलेखही दुय्यम निबंधकाकडे नोंदवा.

दस्त_आणि_नोंदणी
मी सहमत नाही. लायसन्स करारातच नोटीस देऊन संपवण्याची तरतूद असते. त्या कलमाचा उल्लेख करून तिघांनी सही केलेलं पत्र पुरेसं आहे, शिवाय लगेच नवा नोंदवलेला करार येतोच.

मीरा_वकिली
चार महिन्यांनी मालकांनी हात वर केले तर मला नोंदवलेला कागद जास्त भरवशाचा वाटतो. इथे आपलं मत वेगळं राहू दे.

सायली, तुमच्यासाठी यापेक्षा महत्त्वाचं आहे पोचपावतीतलं एक वाक्य. डिपॉझिटचा हिस्सा मिळाल्यावर तुमच्याकडून सही घेतली जाईल. त्यात "पूर्ण व अंतिम, यापुढे माझा कोणताही हक्क वा दावा नाही" असं ठोक लिहिलेलं असतं. तशी सही करू नका. "सदर फ्लॅटच्या डिपॉझिटपैकी माझा हिस्सा मिळाला, त्या डिपॉझिटबाबत घरमालकांकडे माझा दावा नाही" इतकंच लिहा. पोटगी, स्त्रीधन, घरातलं सामान यांचा त्या कागदाशी संबंध येता कामा नये. तुमच्या संमतीच्या अर्जातल्या अटींमध्येही डिपॉझिटची एक ओळ टाका, म्हणजे दोन्ही कागद एकच बोलतील. आणि कुणी वाचत असेल जिला घर सोडायचं नाही पण सोडायला लावलं जातंय, तिने ही सही करण्याआधी वकिलाला भेटावं. कौटुंबिक हिंसाचार कायद्यात भाड्याचं घरही सामायिक घर धरलं जातं.

हिशेबनीस
आता पैशांचं. मालकांकडून पैसे काढायचा आग्रह सोडा. राहणाऱ्याने तुम्हाला तुमचा वाटा द्यावा आणि १ लाख मालकांकडे तसेच राहू द्यावेत. मालकांच्या खिशाला हात लागत नाही, म्हणून ते पटकन तयार होतात.

४०,००० मधून काय वजा करायचं? घर सोडण्याच्या दिवशी दोघांनी मिळून खोल्या फिरून बघा, फोटो काढा, विजेच्या मीटरचाही. समजा कपाटाची बिजागरी तुटली आहे, दुरुस्ती १,५००, तुमचे ७५०. त्या दिवसापर्यंतचं बिल १,८६० होतंय, तुमचे ९३०. रंगाचे पैसे करारात आहेत का?

सायली_पुणे
हो, घर सोडताना रंगाचे १२,००० कापायचे असं लिहिलंय. तो म्हणतो त्यातले निम्मे, ६,००० माझे.

हिशेबनीस
निम्मे कसे? रंग तो जाताना लागणार. तो नवे ११ महिने राहिला तर एकूण १६ महिने होतात, त्यातले तुम्ही ५ महिने एकत्र होता. १२,००० चे ५/१६ म्हणजे ३,७५०. त्यातले निम्मे, १,८७५ तुमचे. ७५०, ९३० आणि १,८७५ मिळून ३,५५५. तुम्हाला मिळतात ३६,४४५.

दलालीचे पैसे यात आणू नका. ते खर्च होऊन गेले, डिपॉझिटचा भाग नाहीत.

बिनधास्त_नाशिककर
पण तो मार्चमध्येच घर सोडून गेला तर? मग एकूण ८ महिने, तुमचा वाटा वाढतो. १६ महिने धरणं हे त्याच्यावर अन्याय नाही का?

हिशेबनीस
मुद्दा बरोबर आहे. ८ महिने धरले तर सायलींचा वाटा ३,७५० होतो, म्हणजे १,८७५ चा फरक. माझ्या मते राहायचं की जायचं हे त्याच्या हातात आहे, म्हणून १६ धरावेत. पण यावर ठाम नियम नाही. मधला आकडा ठरवा, फक्त तो कागदावर लिहा.

दस्त_आणि_नोंदणी
नव्या करारात डिपॉझिटच्या कलमात नुसतं "१,००,००० दिले" असं नको. "पूर्वीच्या करारातील डिपॉझिट या करारात वर्ग केले असून ते परत मिळण्याचा हक्क यापुढे केवळ सध्याच्या लायसेन्सीचा आहे" असं लिहा. जुन्या दस्ताचा क्रमांक आणि तारीख द्या. हे राहून गेलं तर घर सोडताना मालक म्हणतील, दोघं मिळून या.

क्रम असा ठेवा: आधी मसुदे तिघांनी वाचायचे. मग एकाच बसण्यात तिघांनी करार संपवण्याच्या पत्रावर सह्या, राहणारा आणि मालक यांचे नव्या करारासाठी अंगठे, आणि त्याच वेळी तुमच्या खात्यात पैसे. ट्रान्सफरच्या शेऱ्यात "फ्लॅट डिपॉझिट हिस्सा" लिहायला सांगा. पैसे आल्याशिवाय पोचपावतीवर सही करू नका. पोलिसांकडची भाडेकरूची माहिती आणि सोसायटीतली नोंदही नव्या कराराप्रमाणे बदलून घ्या. तुमच्या नावाचं इंटरनेट कनेक्शन असेल तर ते वेगळं बंद करावं लागेल.

सायली_पुणे
आणि काकांनी सही करायला नकारच दिला तर?

दस्त_आणि_नोंदणी
तर ३० जूनपर्यंत तुमची जबाबदारी राहते, हे स्पष्ट सांगतो. तेव्हा दोन गोष्टी करा. मालकांना ईमेलने कळवा की ३१ डिसेंबरला तुम्ही घर सोडलं आणि किल्ली कुणाकडे दिली. आणि नवऱ्याकडून लेखी घ्या की १ जानेवारीनंतरचं भाडं, बिलं आणि नुकसान त्याचं, तुम्हाला भरावं लागलं तर तो भरून देईल. हा कागद मालकाला बांधत नाही, पण तुम्हाला त्याच्याकडे वसुली करता येते. डिपॉझिटचे ३६,४४५ मात्र जूनची वाट न बघता त्याच्याकडून आताच घ्या.

मीरा_वकिली
आणि त्या लेखीवर दर महिन्याच्या भाड्याची पावती १० तारखेपर्यंत तुम्हाला पाठवायची अट घाला. भाडं थकलं तर तुम्हाला जूनमध्ये नाही, त्याच महिन्यात कळेल.