इम्प्रेशनमध्ये काय घ्यायचं, काय सोडायचं? (रेडिओलॉजी, फर्स्ट इयर) मदत हवी आहे

खानापूरकर: बेळगावात रेडिओलॉजी फर्स्ट इयरला आहे. काल नाईटला प्लेन सीटी केयूबी रिपोर्ट केला, पेशंट चिकोडीकडचे, वय ५२, चिठ्ठीवर कन्नडमध्ये नुसतं 'होट्टे नोवु' म्हणजे पोटदुखी, मीच विचारलं तेव्हा उजव्या कुशीत कळ येते म्हणाले. उजव्या व्हीयूजेला ६ मिमीचा खडा, वर किडनी थोडी फुगलेली, डाव्या किडनीत साधी सिस्ट, फॅटी लिव्हर आणि डाव्या फुफ्फुसाच्या तळाला ७ मिमीची सॉलिड गाठ. इम्प्रेशनमध्ये सगळं फाइंडिंग्जच्याच क्रमाने टाकलं, लिव्हर पहिलं, खडा चौथा. वॉर्डातून फोन आला, 'अहो खडा आहे की नाही?' कसं लिहायचं असतं?

निपाणीचा सर्जन: आम्ही आधी इम्प्रेशनच वाचतो, त्यामुळे जे दिसलं ते सगळं तिथं पाहिजे, काही सोडू नका.

जुना रेसिडेंट: आधी वाचतात हे खरं सर, पण सगळं टाकलं म्हणूनच तर खडा चौथ्या ओळीत गेला की. खानापूरकर, फाइंडिंग्ज ऑर्गनवार लिही, खड्याचं माप, एचयू, जागा, भोवतीचं स्ट्रँडिंग तिथंच. इम्प्रेशनची पहिली ओळ म्हणजे दुखण्याचं उत्तर: उजव्या व्हीयूजेला ६ मिमीचा खडा, त्यामुळे सौम्य हायड्रोयुरेटरोनेफ्रोसिस. कारण आणि परिणाम एकाच वाक्यात, दोन वेगळे नंबर नकोत. दुसरी ओळ गाठीची, कारण तिच्यावर कुणीतरी काहीतरी करायचं आहे, नुसतं 'क्लिनिकल कोरिलेशन' लिहून सोडलंस तर ती हरवली समज. पोटाच्या सीटीत छाती अर्धीच दिसते, म्हणून रिस्क बघून ३ ते १२ महिन्यांत पूर्ण छातीचा सीटी असं लिही, पण आधी कॅन्सर नव्हता आणि इम्युनिटी ठीक आहे हे विचारून घे, नाहीतर हा हिशोब लागू होत नाही. सिस्ट फाइंडिंग्जमध्येच राहू दे.

सौंदत्ती: माझ्या वडिलांच्या रिपोर्टमध्ये पण सौम्य हायड्रोनेफ्रोसिस लिहिलंय, किडनी गेली का हो?

जुना रेसिडेंट: नाही हो, लघवी तुंबून किडनी थोडी फुगली एवढाच त्याचा अर्थ. पण कशानं तुंबली ते तुमच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून विचाराच, ताप असेल तर आजच जावा. खानापूरकर, अजून एक, टेम्प्लेटमधलं 'दोन्ही किडन्या नॉर्मल' काढलंस का? सही करायच्या आधी इम्प्रेशनची एकेक ओळ धरून फाइंडिंग्जमध्ये तिचा आधार शोध, उजवं-डावं पण जुळव. माझ्या एका रिपोर्टात फाइंडिंग्जमध्ये उजवा आणि इम्प्रेशनमध्ये डावा खडा गेला होता, सरांनी पकडला म्हणून वाचलो.

हुक्केरी_एमडी: गाठीबद्दल थोडं वेगळं मत. आपल्याकडे जुन्या टीबीच्या खुणा खूप दिसतात, पूर्ण कॅल्सिफाइड असेल तर फॉलोअप कशाला? जुना एक्स-रे, सीटी मागवा आधी.

खानापूरकर: कॅल्सिफाइड नाही सर, आत्ता बोन विंडोत पण बघितलं. जुना सीटी नाही, घरात कुठंतरी एक्स-रे आहे म्हणतात, मुलाला आणायला सांगितलंय. आणि 'किडन्या नॉर्मल' खरंच तसंच राहिलं होतं, अ‍ॅडेंडम टाकतोय. फॅटी लिव्हर मात्र इम्प्रेशनमध्ये घ्यायचं का?

जुना रेसिडेंट: मी शेवटी एका ओळीत घेतो, आमचे सर खोडतात.