मदत हवी आहे: चोराने पोलिसांपुढे कबूल केलं, तरी ते कोर्टात चालत नाही?

सातारकर_विनय:
मागच्या वर्षी गावाकडचं घर फुटलं. आईचं गंठण आणि दोन पाटल्या गेल्या. आठवड्याभरात एकाला पकडलं, त्याने सगळं सांगितलं आणि दागिने काढूनही दिले. आता सरकारी वकील म्हणतात, "कबुलीवर जाऊ नका, ती पुराव्यात येणार नाही." मग पोलिसांनी लिहून घेतलं कशाला? चोर स्वतः 'मी केलं' म्हणतोय, ते ऐकायचंच नाही हा काय न्याय? कुणी नीट समजावून सांगेल का?

बिनधास्त_बंड्या:
सोप्पं आहे. पोलिसांसमोरचं चालत नाही, मॅजिस्ट्रेटसमोरचं चालतं. त्याच दिवशी नेऊन सही घ्यायची होती. तुमचे साहेब झोपले होते.

वकिली_सोडलेला:
बंड्या, अर्धं बरोबर. पण मॅजिस्ट्रेट म्हणजे सही घेण्याचा काउंटर नव्हे. 'तू बोलायला बांधील नाहीस, बोललास तर तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल' हे त्याला आधी सांगावं लागतं आणि आरोपी आपखुशीने बोलतोय याची खात्री करावी लागते. आरोपी 'नको' म्हणाला तर त्याला परत पोलीस कोठडीत पाठवता येत नाही. नाहीतर रात्री पुन्हा तेच हात.

विनय, आता तुमचं. ही बंदी आजची नाही. 1854 साली मद्रास इलाख्यात छळाची चौकशी करायला आयोग बसला. सारावसुलीत आणि पोलीस तपासात लोकांची बोटं, मांड्या किट्टी नावाच्या लाकडी चापात दाबत, हे त्यात बाहेर आलं. 1861 च्या फौजदारी संहितेत ही बंदी आली, तिथून 1872 च्या पुरावा कायद्यात गेली आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. 1872 च्या कायद्याचा मसुदा करणाऱ्या स्टीफनने एका अनुभवी अधिकाऱ्याचं म्हणणं नोंदवून ठेवलंय. त्याचा आशय असा, की उन्हातान्हात पुरावा शोधत फिरण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत मिरची चोळणं जास्त आरामाचं. खरं कारण हेच. मारून घेतलेली कबुली खोटी असू शकते, आणि ती चालली असती तर खरा तपास कोणी केलाच नसता.

सातारकर_विनय:
बरं, पण आमच्या चोराला मारलंय असं कुणीच म्हणत नाही. आणि दागिने तर सापडलेच ना?

वकिली_सोडलेला:
मारलं की नाही हे कोर्ट तपासतच बसत नाही, बंदी सरसकट आहे. मात्र दागिने सापडले तिथे कायदा खिडकी उघडतो. समजा, तो म्हणाला: "मी आणि मेव्हण्याने घर फोडलं, सोनं काढलं. गंठण आणि पाटल्या गोठ्यात गव्हाणीखाली पुरल्यात, चला दाखवतो." पंचांसमोर हे लिहिलं आणि मग उकरून माल निघाला. तर कोर्ट फक्त "गंठण आणि पाटल्या गव्हाणीखाली पुरल्यात, दाखवतो" एवढंच वाचेल. "घर फोडलं" गळतं, मेव्हण्याचं नावही गळतं. इंग्रजांच्या काळातलं शेवटचं अपील कोर्ट असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोटय्या खटल्यात हेच सांगितलं: माल कुठे आहे हे आरोपीला ठाऊक होतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. त्याने गुन्हा केला हे नाही.

पण चोरीनंतर थोड्याच दिवसांत माल त्याच्याकडून निघाला आणि त्याला खुलासा देता आला नाही, तर तो चोर आहे किंवा त्याने चोरीचा माल जाणूनबुजून घेतला, असं कोर्ट धरू शकतं. दागिने आईने ओळखले पाहिजेत. सराफाची पावती असेल तर उत्तम.

ही प्रकरणं कोसळतात ती पंचनाम्यात. निवेदन पंचनाम्याची वेळ माल निघाल्यानंतरची असते, किंवा पंच दर खटल्यात तेच ते, किंवा ते साक्षीला येऊन फितूर होतात. पोलिसांना जागा आधीच कळलेली असेल तर शोध लागलाच नाही. निवेदन आणि जप्ती या दोन्ही पंचनाम्यांवरच्या वेळा सरकारी वकिलांकडून बघून घ्या.

मंदाताई_नाशिक:
माझ्या भाच्याने दुकानमालकाला 'पैसे मी घेतले' असं लिहून दिलंय. म्हणजे तेही बाद ना? जीव टांगणीला लागलाय.

वकिली_सोडलेला:
नाही ताई. मालक पोलीस नाही, त्यामुळे ही बंदी तिथे लागत नाही. धमकी देऊन किंवा 'लिहून दे, सोडून देतो' म्हणून घेतलं असेल तर लढायला जागा आहे. भाच्याच्या वकिलाला कागद दाखवा.

बिनधास्त_बंड्या:
आणि मोक्काचं काय? तिथे तर पोलिसांसमोरचं चालतं!

वकिली_सोडलेला:
चालतं, एसपी किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने नोंदवलं तर. पण 2006 च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात 2025 मध्ये उच्च न्यायालयाने असेच कबुलीजबाब विश्वासार्ह धरले नाहीत आणि बाराही आरोपी सुटले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलंय. माझ्या मते हुद्दा वाढल्याने कोठडी बदलत नाही.

बिनधास्त_बंड्या:
मग टोळ्यांविरुद्ध साक्ष द्यायला कोण पुढे येणार? हे मला पटलेलं नाही.

सातारकर_विनय:
त्यावर वेगळा धागा काढा. निवेदन पंचनामा 11:40 चा आहे, जप्ती 12:25 ची. एक पंच पोलीस पाटलांचा पुतण्या आहे. याने अडचण होईल का?