‘रेको देशील ना?’ हे पत्रात कसं लिहावं?

रेवती: जुन्या ऑफिसातला सीनियर, दोन वर्षं एकाच टीममध्ये, अरे-तुरेतला. अमेरिकेत एमएससाठी अर्ज करतेय, तीन शिफारसपत्रं लागतात. त्याला व्हॉट्सॲपवर लिहिलं, “अरे, एक रेको देशील ना? मस्त लिही हं, १५ डिसेंबरच्या आत.” नंतर वाचून मलाच ते आगाऊ वाटलं, म्हणून मराठीत नीट पत्र लिहितेय. पण ‘शिफारस’ म्हटलं की वशिला मागितल्यासारखं वाटतं.

मुकुंद: ‘संस्तुती’ लिहा. शिफारस फारसी आहे.

शरयू: फारसी आहे हे खरं, पण आयोगाच्या शिफारशी आपण रोज वाचतो, तिथे वशिला आठवत नाही. ‘माझी शिफारस करा’ म्हटलं की गळ घातल्यासारखं होतं. ‘शिफारसपत्र द्याल का’ म्हटलं की नुसता कागद मागितला जातो. ‘संस्तुती’त तर लोकांना ‘स्तुती’च ऐकू येईल. खरी अडचण ‘देशील ना’मधल्या ‘ना’ची आहे. होकार गृहीतच धरलाय. आणि ‘मस्त लिही’ काढाच. त्याने काय लिहावं हे तुम्ही सांगायचं नाही, त्याला काय आठवावं एवढं सांगायचं.

विलास: माझ्या मुलाने कॉलेजच्या सरांकडून घेतलं होतं. सरांनी सांगितलं, तूच लिहून आण, मी सही करतो.

शरयू: तसं चालत नाही, विलासराव. विद्यापीठ दुवा थेट पत्र देणाऱ्याच्या ईमेलवर पाठवतं आणि पत्र त्यानेच चढवायचं असतं. म्हणून रेवती, त्याचा आत्ताच्या ऑफिसचा ईमेल पत्ता विचारून घ्या. मी असं लिहीन:

“स.न.वि.वि.
२०२१ ते २०२३ या काळात आपण बिलिंगच्या कामात एकत्र होतो. महिनाअखेरीचा हिशेब जुळत नव्हता तेव्हा मी केलेली दुरुस्ती तुम्ही स्वतः तपासली होती. त्या कामाविषयी तुम्हाला लिहिता येईल असे वाटले, तर एमएसच्या अर्जासाठी शिफारसपत्र द्याल का? मुदत १५ डिसेंबर आहे. सध्या वेळ नसेल तर तसे निःसंकोच कळवावे, म्हणजे मला दुसऱ्या कोणाला विचारता येईल. हो म्हणालात तर विद्यापीठाचा दुवा कोणत्या ईमेलवर यावा, तेही कळवावे.”

मुकुंद: ‘तुमच्या हाताखाली’ का नाही? मान राहतो.

शरयू: तो साहेब असता तर तसंच लिहिलं असतं. इथे ते खोटं ठरेल. त्याच्या पत्रात ‘सहकारी’ आणि तुमच्या अर्जात ‘वरिष्ठ’ असं झालं तर वाचणाऱ्याला खटकेल.

रेवती: पण एरवी ‘तू’ म्हणते. एकदम ‘तुम्ही’ वाचून तो चिडवेल.

मुकुंद: मग पूर्ण ‘आपण’च करा, पत्र म्हणजे पत्र.

शरयू: ‘आपण’ नको. पहिल्याच वाक्यात ‘आपण एकत्र होतो’ आहे, तिथे आपण दोघं असा अर्थ आहे. पुढे त्यालाही ‘आपण’ म्हटलं तर घोटाळा होईल.

रेवती: ‘तू’ ठेवून बाकी पत्र असंच लिहिलं तर? “द्यायला जमेल का तुला?”

शरयू: आदर तसाही राहतो. पण मला स्वतःला ‘स.न.वि.वि.’खाली ‘तुला’ लिहवत नाही.