मदत हवी आहे: सतत उशिरा येणाऱ्या कामगाराला लेखी ताकीद द्यायची आहे

अंबडवाला: अंबड एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, २२ माणसं. एक सीएनसी ऑपरेटर रोज उशिरा येतो. बोलून बोलून थकलो. उद्या सकाळी पत्र हातात द्यायचं आहे. कुणाकडे तयार मसुदा असेल तर टाका, प्लीज. मी लिहिलेलं असं: "तुम्ही नेहमीच उशिरा येता. हा बेजबाबदारपणा यापुढे खपवून घेतला जाणार नाही. सुधारणा न झाल्यास तत्काळ कामावरून काढण्यात येईल."

रेखा_पंचवटी: रोज म्हणजे किती दिवस? किती मिनिटं? पाळी किती वाजता सुरू होते?

गोदाकाठ: तीन लेखी ताकिदी द्या आणि काढा, कायदाच तसा आहे. तोवर उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापा. आठवड्यात सरळ होईल.

निवृत्त_पर्सोनेल: गोदाकाठ, तीन ताकिदींचा असा कायदा नाही. तीन पत्रं असली तरी काढण्याआधी आरोपपत्र आणि चौकशी लागते. ताकिदी तिथे पुरावा म्हणून कामी येतात, एवढंच. आणि वीस मिनिटं उशीर झाला तर वीस मिनिटांचा पगार कापता येतो, चार तासांचा नाही.
अंबडवाला, तुमच्या मसुद्यात एकही तारीख नाही. "नेहमीच" म्हटलं की तो एक वेळेवरचा दिवस दाखवेल आणि पत्र पडेल. "बेजबाबदार" हे तुमचं मत झालं, फाइलमध्ये घटना हवी. आधी तोंडी समज कधी दिली? त्याचा खुलासा घेतला का?

अंबडवाला: पाळी ८ ची, १० मिनिटं सवलत. जुलैत ९ दिवस उशीर, पंचिंग मशीनवर आहे सगळं. १४ जुलैला केबिनमध्ये बोलावून समज दिली, सुपरवायझर हजर होता. खुलासा नाही घेतला. कारण काय असणार?

वंदना_के: आमच्या कार्यालयात तीन लेटमार्क झाले की एक किरकोळ रजा जाते. मी सिडकोतून निघते, त्रिमूर्ती चौकात अडकले की संपलंच. तुम्ही कामगारांना बस का देत नाही?

रेखा_पंचवटी: ताई, ते सरकारी झालं, इथे प्रश्न पत्राचा आहे. पण कोंडीचं खरं आहे, पाथर्डी फाट्यावर सकाळी माझीही वीस मिनिटं जातात.

गोदाकाठ: मग वीस मिनिटं आधी निघायचं. बाकीचे २१ जण पोहोचतात ना?

निवृत्त_पर्सोनेल: अंबडवाला, पत्राआधी एक करा. पंचिंग मशीनचं घड्याळ मोबाइलच्या वेळेशी जुळवून बघा. मी ज्या कारखान्यात होतो तिथे ते अकरा मिनिटं पुढे निघालं होतं, युनियनने सगळ्यांसमोर दाखवलं आणि चार पत्रं मागे घ्यावी लागली.

अंबडवाला: आत्ता बघून आलो. ६ मिनिटं पुढे आहे.

निवृत्त_पर्सोनेल: प्रत्येक नोंदीतून ६ वजा करा. तरीही ८:१० च्या पुढे राहतील तेवढेच दिवस लिहा.

अंबडवाला: ३ जुलैची ८:१४ आणि १५ जुलैची ८:१५ गेली. ७ उरले.

निवृत्त_पर्सोनेल: ते सातच. उद्या ताकीद देऊ नका, आधी तारखांसह खुलासा मागा, ४८ तास द्या. तो आल्यावर, किंवा मुदत संपल्यावर, असं लिहा:

"विषय: कामावर वारंवार उशिरा येण्याबाबत लेखी ताकीद.
आपल्या पाळीची वेळ सकाळी ८:०० असून १० मिनिटांची सवलत आहे. जुलै २०२५ मध्ये आपण पुढील दिवशी सवलतीच्या वेळेनंतर आलात: १ तारखेला ८:१६, ८ ला ८:२५, ११ ला ८:२१, १७ ला ८:१८, २२ ला ८:३२, २५ ला ८:२३, २९ ला ८:२०. (मशीनचे घड्याळ ६ मिनिटे पुढे असल्याने तेवढी वेळ वजा केली आहे.) १४ जुलै रोजी आपणास तोंडी समज देण्यात आली होती, त्यानंतरही चार दिवस उशीर झाला. आपला खुलासा विचारात घेतला. तो पुढील कारणाने समाधानकारक वाटत नाही: … यापुढे आपण ८:१० पूर्वी कामावर हजर राहावे. पुन्हा उशीर झाल्यास शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल. हे पत्र आपल्या वैयक्तिक फाइलमध्ये ठेवण्यात येत आहे."

"तत्काळ काढू" लिहू नका, जे करता येणार नाही त्याची धमकी कागदावर नको. दोन प्रती काढा, एकीवर तारखेसह सही. घेतलं नाही तर तिथल्या तिथे दोघांच्या साक्षीने "स्वीकारण्यास नकार" असा शेरा मारा आणि घरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा.

गोदाकाठ: घड्याळ चुकीचं होतं हे स्वतःच लिहून द्यायचं? मी नाही लिहिणार.

निवृत्त_पर्सोनेल: लपवलं आणि त्याने दाखवलं तर सातही तारखा जातात.

अंबडवाला: खुलासा मागितला, आज दिला त्याने. बायकोची पाळी जुलैपासून सकाळी ७ ची झाली, मुलाला शाळेत सोडायला घरात दुसरं कुणी नाही. मला हे माहीतच नव्हतं. पण ८ वाजता मशीन उभं राहतं, पुढचा जॉब अडतो. आता ताकीद द्यायची की त्याची पाळी ८:३० ची करायची?

रेखा_पंचवटी: शाळा किती वाजता असते? आणि ८:३० केली तर त्या अर्ध्या तासात मशीनवर कोण?